पंधरा वर्षांचा मुलगा पाणी का पीत नव्हता? केअर प्लॅनमध्ये मास्लो आणि एरिक्सन कसे उतरवायचे

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी दोन तक्ते पाठ होतात. एक मास्लोच्या गरजांचा त्रिकोण, दुसरा एरिक्सनच्या आठ अवस्थांचा. परीक्षेत दोन्ही बरोबर लिहिता येतात. मग वॉर्डात पोस्टिंग लागतं, हातात केअर प्लॅनचा कोरा कागद येतो आणि त्या तक्त्यांचं समोरच्या रुग्णाशी नातं काय, हेच कळत नाही. माझंही असंच झालं होतं. पहिल्या केअर प्लॅनच्या वरच्या कोपऱ्यात मी 'एरिक्सन स्टेज: आयडेंटिटी व्हर्सेस रोल कन्फ्युजन' असं लिहिलं आणि पुढच्या पाचही पानांत त्या ओळीचा काहीच उपयोग केला नाही. त्यामुळे एका मुलाचा त्रास निदान पाच तास वाढला. नागपुरात नव्याने पोस्टिंगला येणाऱ्यांसाठी ती केस पायरीपायरीने मांडते आहे.

मुलगा गडचिरोली जिल्ह्यातला, आश्रमशाळेत दहावीत शिकणारा, वय १५, वजन ३२ किलो. सिकलसेलचा रुग्ण. डिसेंबरची थंडी, पहाटे थंड पाण्याने आंघोळ आणि आदल्या दिवशी कबड्डी. रात्रीपासून दोन्ही पाय आणि कंबर असह्य दुखायला लागली, आणि पहाटे गाडी करून त्याला नागपूरला आणलं. सिकलसेलमध्ये ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. दुखतं ते त्यामुळे. या दुखण्याला वॉर्डात सगळे 'क्रायसिस' म्हणतात. विदर्भात पोस्टिंग करणार असाल तर असे रुग्ण तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटतील.

हाताशी काय ठेवायचं

- रुग्णाची केस शीट आणि डॉक्टरांच्या ऑर्डरचं पान
- टीपीआर चार्ट आणि इनटेक-आउटपुट चार्ट
- वेदना मोजायची पट्टी: मोठ्या मुलांसाठी ० ते १० आकड्यांची, लहानांसाठी चेहऱ्यांची
- मिलीच्या खुणा असलेलं मापाचं भांडं आणि रुग्ण ज्या ग्लासने पाणी पितो तो ग्लास एकदा मोजलेला
- एका कार्डावर लिहिलेल्या आठ अवस्था, अंदाजे वयांसह
- वॉर्डात फिरता पडदा कुठे ठेवलेला असतो याची माहिती. हे यादीत का आलं ते पुढे कळेल.

१. वय तीनदा लिहा

केस शीटवरचं वय म्हणजे जन्मतारखेचं वय. त्याखाली शरीर किती वर्षांचं दिसतं ते लिहा, आणि तिसऱ्या ओळीत आत्ता, या खाटेवर, रुग्ण किती वर्षांच्या माणसासारखा वागतो आहे ते.

हा मुलगा पंधराचा होता, पण दिसायला अकरा-बाराचा. सिकलसेलमध्ये वाढ आणि वयात येणं दोन्ही लांबतं, त्यामुळे असं बरेचदा होतं. त्याला लहान मुलांच्या वॉर्डात खाट मिळाली होती. भिंतीवर अस्वलं आणि फुगे. मी त्याला 'बाळा' म्हणत होते आणि सगळे प्रश्न त्याच्या आईला विचारत होते. तो भिंतीकडे तोंड करून गप्प पडला होता. मी चार्टवर लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही'.

एरिक्सनच्या मांडणीत साधारण १२ ते १८ या वयात माणूस 'मी कोण' याचं उत्तर शोधत असतो. इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो याची त्याला सतत जाणीव असते. शरीर लहान राहिलं म्हणून मन मागच्या अवस्थेत थांबत नाही. उलट वर्गमित्र उंच झाले आणि आपण झालो नाही, याने ते जास्तच सावध होतं. म्हणून अवस्था ठरवताना पहिली आणि तिसरी ओळ धरा. दुसरी ओळ फक्त एवढं सांगते की लोक याच्याशी कुठे चुकत असतील.

तिसऱ्या ओळीत एक सापळा आहे. आजारपणात माणूस थोडा मागे जातो. चार वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, पंधराचा मुलगा आईचा पदर धरतो. ते तात्पुरतं असतं. त्यावरून अवस्था बदलून लिहू नका, फक्त नोंद करा.

२. मास्लो खालून भरत या, पण प्रत्येक खणात मोजमाप हवं

मास्लोने गरजांची ही मांडणी १९४३ मध्ये एका लेखात केली. शरीराच्या गरजा, सुरक्षितता, प्रेम आणि आपलेपणा, सन्मान, आणि सगळ्यात वर स्वतःच्या क्षमतेला न्याय देणं. आपण पाठ करतो तो त्रिकोण त्याने काढलेला नाही, तो नंतर आला. खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची सुरूच होत नाही असंही त्याने म्हटलेलं नाही. हा खुलासा लक्षात ठेवा, कारण माझी चूक नेमकी तिथेच झाली.

खणांत 'वेदना आहे', 'पाणी कमी' असं मोघम लिहू नका. सकाळी आठ वाजताच्या माझ्या नोंदी अशा होत्या: नाडी ११२, श्वास २२, ताप ९९.४ फॅरनहाइट, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९५ टक्के, वेदना १० पैकी ३. डॉक्टरांची ऑर्डर होती, २४ तासांत एकूण सुमारे १७५० मिली द्रव. हा आकडा वजनावरून येतो: पहिल्या १० किलोला १००० मिली, पुढच्या १० किलोला ५००, उरलेल्या १२ किलोला किलोमागे २०, म्हणजे २४०. बेरीज १७४०. त्यातलं सलाईन तासाला ४० मिली, म्हणजे दिवसाचं ९६०. राहिलेलं सुमारे ८०० मिली तोंडाने जायला हवं.

सलाईन जास्त सोडून ही भरपाई करता येईल असं मनात आणू नका. सिकलसेलमध्ये गरजेपेक्षा जास्त द्रव गेलं तर फुप्फुसांवर ताण येतो. वेग बदलायचा तो डॉक्टरांनीच.

दुपारी एक वाजता चार्ट पाहिला. तोंडाने गेलेलं पाणी फक्त ६० मिली. सकाळपासून लघवी एकदाच, ७० मिली. किलोमागे तासाला निदान अर्धा मिली हवी, म्हणजे पाच तासांत ८०. त्यातून सिकलसेलच्या रुग्णाची किडनी लघवी नीट घट्ट करू शकत नाही, पाणी धरून ठेवत नाही. अशा रुग्णाची लघवी कमी होणं निरोगी माणसापेक्षा जास्त काळजीचं असतं.

मी काय केलं? 'पाणी प्यायला प्रोत्साहन द्या' असं लिहिलं आणि दर अर्ध्या तासाने 'बाळा, पाणी पी' म्हणत राहिले.

३. प्रत्येक रिकाम्या खणाला विचारा: या वयात हे का अडलं असेल?

इथे दोन तक्ते एकमेकांना भेटतात. मास्लो सांगतो, आधी कशाकडे बघायचं. ती गरज कशात अडकली आहे आणि तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचता येईल, हे एरिक्सनवरून शोधायचं.

आमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडम दीड वाजता राउंडला आल्या. त्यांनी चार्ट बघितला, खाट बघितली, मग समोरची खाट बघितली. तिथे तेरा वर्षांची मुलगी आणि तिच्या नातेवाईक बाया बसल्या होत्या. मॅडमनी मुलाच्या आईला चहा घेऊन यायला सांगितलं, खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसल्या आणि हळूच विचारलं, "तुला पाणी नको वाटते का रे, का पाणी प्यायलं की पुढचं नको वाटते?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "इथं सगळ्यांसमोर कसा करू जी, मॅडम? पडदा नाही. आई भांडं धरते म्हणते."

पाय इतके दुखत होते की त्याला बाथरूमपर्यंत चालता येत नव्हतं. खाटेवर युरिन पॉट घ्यायचा तर समोर मुलगी. म्हणून त्याने साधा हिशोब केला होता: प्यायचंच नाही, म्हणजे जायचं नाही. सकाळची ७० मिलीही त्याने सगळे झोपलेले असताना उरकली होती.

त्रिकोणात सन्मानाची गरज चौथ्या मजल्यावर आहे आणि पाणी तळाशी. इथे चौथा मजला अडल्यामुळे तळ रिकामा राहिला होता. 'आधी शारीरिक, मग बाकीचं' असं शब्दशः धरून मी पाण्याच्याच मागे लागले असते, तर संध्याकाळपर्यंत तो आणखी कोरडा पडला असता आणि पेशी आणखी अडकल्या असत्या.

वेदनेचंही तेच. आईसमोर, वॉर्डासमोर त्याने '३' म्हटलं होतं. मॅडमनी पट्टी त्याच्या हातात दिली, आकडा बोलायचा नाही, फक्त बोट ठेवायचं. बोट ८ वर गेलं. या वयाच्या मुलाला वेदना विचारायची ती एकट्यात. तो मोबाइल बघतो आहे किंवा शांत पडला आहे म्हणून दुखत नसेल, असं समजू नका. वारंवार क्रायसिस येणारी मुलं दुखणं दाबायला शिकलेली असतात. आणि 'नाटक करतो' हा शब्द हँडओव्हरमध्ये एकदा उच्चारला गेला की पुढच्या तीनही शिफ्ट त्याला वेदनाशामक उशिरा मिळतं. हे मी स्वतः पाहिलं आहे.

४. नर्सिंग डायग्नोसिस लिहा. अवस्थेचं नाव डायग्नोसिस म्हणून नको

'रोल कन्फ्युजन' हे डायग्नोसिस नाही. अवस्था 'कशामुळे' या भागात येते. माझा दुरुस्त केलेला क्रम असा होता:

१. तीव्र वेदना, रक्तवाहिन्या अडल्याने ऊतींना रक्त कमी मिळाल्यामुळे. पुरावा: पट्टीवर ८, नाडी ११२, हालचाल टाळतो.

२. शरीरातील द्रव कमी होण्याचा धोका. इतरांसमोर लघवी करण्याच्या संकोचामुळे पाणी टाळल्यामुळे. पुरावा: पाच तासांत तोंडाने ६० मिली, लघवी ७० मिली.

३. श्वसनात बिघाड होण्याचा धोका. कंबर दुखत असल्याने खोल श्वास न घेतल्यामुळे.

४. स्वप्रतिमेला धक्का, उंची कमी राहिल्यामुळे आणि लहान मुलांत ठेवल्यामुळे.

दुसरं वाक्य पुन्हा वाचा. त्यातला 'संकोचामुळे' हा शब्द काढला तर उपाय उरतो 'पाणी पाजा'. तो शब्द ठेवला की उपाय होतो 'पडदा लावा'.

सगळ्यात वरचा, स्वतःच्या क्षमतेचा खण पहिल्या दिवशी रिकामा ठेवला तरी चालतो. मॅडम रागावतील म्हणून तिथे काहीतरी गोड लिहिण्याची सवय आपल्याला लागते. लावून घेऊ नका.

५. उपायांत वेळ, प्रमाण आणि निवड तिन्ही लिहा

वेदनेसाठी: ऑर्डरप्रमाणे वेदनाशामक ठरल्या वेळी, रुग्णाने मागायची वाट न बघता. शिरेतून दिल्यावर अर्ध्या तासाने आणि तोंडाने दिल्यावर एका तासाने पट्टी पुन्हा त्याच्या हातात. दुखऱ्या भागाला कोमट शेक, बर्फ कधीच नाही. थंडीने रक्तवाहिन्या आणखी आक्रसतात.

पाण्यासाठी: खाटेभोवती फिरता पडदा, युरिन पॉट त्याच्या हाताच्या अंतरावर, आणि पॉट द्यायला-न्यायला ब्रदर किंवा वॉर्डातले मामा. जागेपणी तासाला साधारण ६० मिली, पाणी, ताक किंवा सूप, काय ते तो ठरवेल. मोजलेला ग्लास आणि चार्टची एक प्रत त्याच्याकडे, नोंद त्याने करायची.

फुप्फुसांसाठी: स्पायरोमीटरचे दहा श्वास, जागेपणी दर दोन तासांनी. कधी सुरू करायचं ती वेळ त्याने निवडायची, पण टाळायचं नाही.

स्वप्रतिमेसाठी: नावाने हाक, आधी त्याच्याशी बोलणं आणि मग आईशी. सलाईनची सुई डाव्या हाताला, कारण तो उजव्या हाताने लिहितो आणि त्याची पुस्तकं सोबत आहेत. अठराच्या आत असल्याने संमतीपत्रावर सही आईचीच, पण सुई टोचण्याआधी त्याला विचारायचं. जागा असेल तर मोठ्या मुलांजवळची खाट.

आईला बाजूला काढताना जपून. रात्रभर जागून आलेल्या बाईला वाटतं, आपल्यालाच हाकललं. मॅडम तिला एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमचा पोरगा आता मोठा झाला, त्याला थोडी लाज वाटते." ती हसली आणि स्वतःहून पडद्याबाहेर जाऊन बसली.

*इथे सगळं बाजूला ठेवून धावा:* सॅच्युरेशन उतरू लागलं, श्वास जलद झाला, छातीत दुखू लागलं, नवा खोकला आला, ताप १०१ च्या वर गेला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर अवस्था-गरजा काहीही न बघता ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. आणखी एक गोष्ट आहे जी मुलगे लाजेने लपवतात. सिकलसेलमध्ये लिंगाला आपोआप येणारी, न उतरणारी, दुखणारी ताठरता येऊ शकते, आणि ती काही तास राहिली तर कायमचं नुकसान होतं. हा प्रश्न एकट्यात, शक्यतो ब्रदरने, सरळ शब्दांत विचारायचा: "असं कधी झालं तर लगेच सांग, हा आजाराचाच भाग आहे."

६. मूल्यमापन आकड्यांतच

दीड वाजता पडदा लागला. दोनला वेदनाशामक दिलं, अडीचला वेदना ५. चार वाजेपर्यंत तोंडाने ४५० मिली गेलं होतं आणि लघवी दोनदा मिळून ३१०. वेदना ४, नाडी ९६, सॅच्युरेशन ९६. चार्टवरचे शेवटचे तीन आकडे त्याच्या अक्षरात होते.

'रुग्णाला बरं वाटलं' असं लिहून चालणार नाही. कुठला उपाय लागू पडला तेही लिहा. माझ्या केअर प्लॅनमध्ये पाण्याचा आकडा पडद्यानंतर वाढला हे वेळेसकट दिसत होतं.

७. दुसऱ्या वयाचा रुग्ण आला तर

प्रश्न तोच राहतो, उत्तरं बदलतात. तान्ह्या बाळाचा प्रश्न विश्वासाचा असतो. सुई टोचताना ते आईच्या मांडीवर असावं आणि शक्य तेवढे तेच हात त्याला हाताळावेत.

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला 'मी करीन' म्हणायचं असतं. "औषध घेतोस का?" असं विचारू नका, तो नाही म्हणेल आणि तुम्ही तरी पाजाल. "लाल वाटीतून की निळ्या?" असं विचारा. तीन ते सहाच्या मुलाला आजार ही शिक्षा वाटते, त्यात भर म्हणून घरचे सांगतात, "गप बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल." घरच्यांना ते बोलू नका म्हणून सांगा, आणि मुलाला स्पष्ट सांगा की तू काही केलं म्हणून हे झालेलं नाही. सहा ते बाराच्या मुलाला काम द्या, ग्लास मोजायला लावा.

तरुण रुग्णाला जोडीदारापासून तुटल्यासारखं होतं, भेटीची वेळ त्याला औषधाइतकी लागते. पंचेचाळिशीच्या शेतकऱ्याचा बीपी उतरत नसेल तर संत्र्याच्या बागेचं पाणी कोण बघतो आहे ते एकदा विचारा. आपण नसताना मागचं सगळं कोण सांभाळेल, हाच या वयाचा प्रश्न असतो.

म्हाताऱ्या माणसांत एक सापळा मोठा आहे. आजोबा उत्तर देत नाहीत म्हणून 'निराशा' लिहून मोकळं होऊ नका. आधी चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी कुठे आहे ते बघा. मे महिन्यात नागपुरात अचानक गोंधळलेल्या वृद्धाचं अंग तापलं आहे का आणि त्याने पाणी किती घेतलं आहे, ते त्याहून आधी.

वयाचे आकडे लवचिक ठेवा. एरिक्सनने ही मांडणी विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत केली. आपल्याकडे अठरा वर्षांची मुलगी आई असते, सोळाचा मुलगा घर चालवतो. तेव्हा दोन अवस्था शेजारी शेजारी लिहा आणि आज कोणती बोलते आहे ते बघा.

८. हँडओव्हरमध्ये एक ओळ जास्त

पुढच्या शिफ्टला 'सिकलसेल क्रायसिस, सलाईन ४० ने चालू' एवढंच गेलं तर रात्री कोणीतरी पडदा दुसऱ्या खाटेला नेईल आणि सकाळी चार्टवर पुन्हा ६० मिली दिसेल. आमच्या त्या दिवशीच्या हँडओव्हर बुकात शेवटची ओळ अशी होती: 'पडदा काढू नये. वेदना एकट्यात विचारावी. नोंदी रुग्ण स्वतः करतो, त्याचा पेन उशीखाली आहे.'